सारांशातून गाळलेलं वाक्य

इंग्रजी वाचता येणारा माणूस त्या गावात मी एकटा होतो, आणि हे मला फार आवडायचं. मी राहायचो ठाण्यात. सकाळी गाडीनं कळव्याला उतरून खाडीच्या बांधावरून पाऊण तास चाललं की माझी शाळा यायची. पन्नास साल नुकतंच मागे पडलं होतं, गावात शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी निघाली होती आणि तिचं चिटणीसपद, बिनपगारी म्हणून, मास्तरच्या गळ्यात पडलं होतं.

एके दिवशी ठाण्याच्या शेतकी कचेरीतून एक शोधनिबंध आला. खाजणातल्या, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या जमिनीतल्या भातावरचा. सोबत साहेबांची चिठ्ठी होती : सभासदांना समजेल असा मराठी सारांश करून वाटावा. निबंधाचं म्हणणं सरळ होतं. पावसानं खार नीट धुऊन निघालेल्या जमिनीत नवं निवडलेलं भात गावच्या जुन्या लाल भातापेक्षा, रात्यापेक्षा, जास्त पिकतं. मात्र सगळ्याच जमिनी सारख्या नसतात, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या खाजणात आधी पडताळून घ्यावं. पडताळायचं कसं, तेही दिलं होतं. शेताचे सारखे तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यात नवं लावायचं, कुठल्यात जुनं, हे आपण न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

या चिठ्ठ्यांशी मी अडलो. शेतात चिठ्ठ्या टाका म्हणून सांगितलं तर लोक तोंडावर हसतील, असं मला वाटलं. खरं तर त्या का टाकायच्या हे मलाच धड समजलं नव्हतं, पण तसं कबूल करणारा माझा स्वभाव नव्हता. मी ते वाक्य गाळलं आणि सुबक अक्षरात लिहिलं, ‘शेताचा एक लहान तुकडा राखून त्यात जुनं भात लावावं, बाकी शेतात नवं लावावं, आणि कापणीला दोन्ही ताडून पाहावं.’ सारांश एका पानात बसला. साहेबांनी पाठ थोपटली.

लोकांनी माझं अक्षर न् अक्षर पाळलं.

दसऱ्याच्या आसपास मधल्या सुट्टीत मी बांधावर गेलो. भर दुपार होती, वारा पडला होता. खाजण खाली हिरवंगार पसरलेलं, आणि प्रत्येक शेताच्या खाडीकडच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन. एका शेतात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, नजर जाईल तिथवर. सगळे जवळजवळ सारख्या मापाचे, सगळे एकाच बाजूला. कुणी घरोघर फिरून खूण करून गेल्यासारखे. मी खाली उतरून जवळच्या चौकोनाशी गेलो. लोंब्या उभ्याच होत्या, पण वाळून पांढऱ्या झालेल्या, आणि दाणा दाबला तर आत काहीच नाही, नुसतं पळंज. रोपांच्या बुडाशी एक नारळ होता आणि फुटलेलं अंडं. वारा नव्हता, तरी ते पळंज खुळखुळत होतं. मी स्वतःला सांगितलं की खेकडे असतील. खेकडे मला दिसले नाहीत. मी शिकलेला माणूस, पण मागे न बघता भराभर बांधावर चढलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

बांधावर एक विधवा बाई गवताचा भारा बांधत बसली होती. तीही सोसायटीची सभासद, तिचं शेत उघाडीच्या लगत. उघाडी म्हणजे खाजणातलं पाणी खाडीत सोडायची बांधातली दारं. मी तिला मावशी म्हणायचो. मी विचारलं, “मावशी, सगळ्यांनी एकच कोपरा कसा धरला?”

“तुमीच लिवलंय ना, तुकडा राखा म्हणून.” ती आवाज उतरवून बोलत होती, बांधाच्या राखणदाराचं नाव गावात कुणी घेत नसे. “राखलेला तुकडा त्याचाच अस्तो. तो बांध राखतो. आमी त्याचं कापत नाय.”

“आणि तिथं दर वर्षी असंच होतं?”

“तिथं खारं पानी झिरपतं. त्याच्या कोपऱ्यान कंदी काय पिकलंय?”

तेव्हा मला निबंधातल्या चिठ्ठ्या समजल्या. सगळ्यांचा राता सगळ्यांत खारट जागी आणि सगळ्यांचं नवं भात गोड जमिनीत. ही तुलनाच नव्हती. नवं भात त्या कोपऱ्यात जगलं असतं का, हे कुणालाच कळलं नव्हतं.

कापणीनंतर सभा भरली. ठाण्याहून साहेब आले. नवं भात भरघोस आलं होतं, राता कुठे दिसतच नव्हता. पुढल्या साली सगळ्या खाजणात नवंच लावायचं, असा ठराव आला. मी वृत्तान्त लिहीत होतो. उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की माझा सारांश चुकला आहे, आणखी एक वर्ष थांबा. साहेब माझ्याकडे बघून हसले, सभासदांना म्हणाले, “तुमच्या गुरुजींसारखे चार लोक मिळाले तर जिल्ह्याचं सोनं होईल.” मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

सभेनंतर मावशीनं मला दारात गाठलं. “गुरुजी, सासूच्या वेळचं रात्याचं बियानं हाय माझ्याकं. बाकीच्यांनी कांडून टाकलं. मी ठेवू का नको?”

तिच्याकडे जमीन तेवढीच आणि पोट भरायचं साधन तेवढंच. साहेब चार पावलांवर उभे होते. मी म्हणालो, “कशाला ठेवता? निबंधात सगळं स्पष्ट आहे.”

आठवड्यानं तिनं तांबड्या तांदळाची एक पिशवी माझ्या टेबलावर आणून ठेवली. बियाणं कांडलं होतं. आम्ही ठाण्याच्या घरी त्याची पेज केली. चव चांगली होती, आणि मी वाटी तशीच बाजूला सारली.

पुढल्या साली भात फुलोऱ्यात असताना पुनवेच्या उधाणात बांध उघाडीपाशी फुटला. दोन दिवसांत बुजवला, पण पाणी आत येऊन गेलं होतं आणि पाऊस केव्हाच संपला होता, खार धुवायला काही नव्हतं. पंधरा दिवसांनी मी गेलो, तेव्हा कोपरे वेगळे ओळखू येत नव्हते. अख्खं खाजण पांढरं झालं होतं. भरदुपारी एवढं मोठं शेत नुसतं उभं होतं, त्यात एक माणूस नाही, एक पाखरू नाही. खायला काही नाही हे पाखरांनाही कळलं होतं. कोपऱ्यातल्या कायमच्या झिरप्यापुढे राताही हरायचा, पण असं दोन दिवसांचं पाणी त्यानं बऱ्यापैकी सोसलं असतं, आणि राता आता कुणाकडेच नव्हता.

गावात म्हणत होते, त्याचा तुकडा यंदा राखला नाही, म्हणून त्यानं सगळंच घेतलं. माझ्यावर कुणाचा राग नव्हता. त्या एका कारणाआड मी आयुष्यभर सुखानं लपून राहिलो असतो.

मावशी उघाडीपाशी बसली होती. निबंध माझ्या पिशवीत होता. मी तिच्यासमोर बसून ते गाळलेलं वाक्य मराठीत वाचून दाखवलं, आणि सभेच्या दिवशी मला हे माहीत होतं, हेही सांगितलं.

“हे का नाय लिवलं?”

“वाटलं, शेतात चिठ्ठ्या म्हटल्यावर तुम्ही हसाल. तुम्हाला समजणार नाही.”

“या उघाडीवर मासळीचं जालं कोनी कंदी लावाचं, ते आमी चिठ्ठ्या टाकूनच ठरवताव,” ती म्हणाली. “चांगल्या भरतीचा दिस एकाच्याच वाट्याला जाव नये म्हणून. माझे आज्यापासून.”

ती उठली. लुगडं झटकलं, आणि कळव्याला कुणाच्या घरी कामाला बाई हवी असली तर सांगा, म्हणाली.