सशाच्या चित्राखालची ओळ

सन २०२३. मला बहात्तरावं चालू होतं. चौथीपर्यंत शाळा, पुढे गिरणी, म्हणून मोबाइल येत नाही असं घरच्यांना वाटायचं. मी कोणाकडून न शिकता आपला आपण शिकलो. रोज सकाळी सहाला घरच्या ग्रुपवर माझं चित्र पडायचं म्हणजे पडायचंच. मांजराचं पिल्लू, कुत्र्याचं पिल्लू, बदक. खाली 'तू खंबीर आहेस', 'आजचा दिवस तुझाच'. इंग्रजी ओळ असली तर मी ती वाचत नसे. प्राणी गोड असला की पाठवायचं.

माझी नात तेव्हा नोकरीसाठी पवईला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. त्या दिवशी नऊच्या सुमाराला तिचं स्टेटस दिसलं. फुलांत झोपलेला पांढरा ससा, गुलाबी रंग, कडेनं चांदण्या, बदाम. मला वाटलं, पोरगी माझ्यावर गेली. मग खालची मराठी ओळ एकेक अक्षर लावून वाचली.

'तू खूप केलंस. आता नाहीशी झालीस तरी चालेल.'

पुन्हा वाचली. फोन लावला, उचलला नाही. सात वेळा लावला. मुलगा-सून, म्हणजे तिचे आईबाप, कामावर गेलेले. त्यांना कळवायला हवं होतं. पण आधी स्वतः बघून येतो, असं मनाशी म्हणालो. हा माझा ताठा.

कांदिवलीहून रिक्षा केली. जोगेश्वरीच्या पुढे रस्ता तुंबलेला, आणि मला आमच्या खात्यातला, मागावर काम करणारा एक साचेवाला आठवत होता. गिरणी बंद पडल्यावर तो सगळ्यांना हसून 'मजेत' सांगायचा. एका सोमवारी कळलं, त्यानं जीव दिला. शनिवारी त्यानं मला चहा पाजला होता आणि मला काही कळलं नव्हतं. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, चाचा, तबियत ठीक है ना.

तिसऱ्या मजल्यावर दार बडवलं. उघडायला लागलेला वेळ मी कधी विसरणार नाही. दार तिनंच उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. रात्रभर ऑफिसचं काम करून, फोन मुका करून झोपली होती.

"आबा? घरी काय झालं?"

मी जिन्यातच खाली बसलो आणि मोबाइल पुढे केला. तिनं ससा बघितला आणि कपाळाला हात लावला. असली चित्रं ती घरच्यांपासून लपवते, नवीन फोनवर ती सोय करायची राहिली होती.

पाणी पाजून तिनं समजावलं. तुम्ही पाठवता ना, तीच ही चित्रं, म्हणाली, फक्त उलटी केलेली. चित्राला हात लावायचा नाही. ससा गोडच हवा, रंग फिकेच, बदाम तसेच. ससा भेसूर केला की गंमत गेली. पहिलं वाक्यही गोडच ठेवायचं. दुसऱ्या वाक्यात पाय घसरला पाहिजे. पोरं ते बघून हसतात आणि खाली 'मी पण' लिहितात.

यात हसायचं काय, मी विचारलं.

ती म्हणाली, गोड चित्राला समोरचा कोण, कुठल्या हालात आहे हे माहीत नसतं. ते सगळ्यांना एकच सांगतं, सगळं छान होईल. कधी कधी ते तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. मग तेच सशाच्या तोंडून वाकडं बोलायचं. खरं बोलून होतं, आणि कोणी घाबरून चौकशी करत नाही.

"मी केली," मी म्हणालो.

"तुम्ही काय ओ, आबा."

ती थोडं हसली. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात साहेबानं सगळ्यांसमोर मला झाडलं ना, त्या सकाळी तुमचं कुत्र्याचं पिल्लू आलं होतं. 'हसत राहा'. मी बाथरूममध्ये रडले."

मी एवढी वर्षं अभिमानानं पाठवत होतो. तरी विचारायचं राहिलंच होतं.

"त्या ओळीत गंमत किती नि खरं किती? माझ्याकडे बघून सांग गो."

ती पायाच्या अंगठ्यानं लादी घासत राहिली.

"मरायचं नाहीये मला, आबा. पण थकलेय. रात्री झोप येत नाही. कुठेतरी नसावं असं वाटतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आईला सांगू का विचारलं. आज नको, मी सांगते, म्हणाली. मी हो म्हणालो आणि भीती तशीच पोटात घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सहाला ग्रुपवर चित्र टाकलं नाही. एकट्या तिला, चित्राशिवाय, एक ओळ लिहिली. अक्षरं शोधण्यात अर्धा तास गेला. 'झोप लागली का. खरं लिही.'

उत्तर आलं, 'दोन तास.'

सुनेला उठवलं, सगळं सांगितलं, आणि दोघं पवईला निघालो.