बिनपगारी वर्ष

मुख्याध्यापकांनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "बाई, कारण बदला. आजारपण लिहा. दाखला जोडा, कमिटी डोळे झाकून सही करते."

"सर, मी धडधाकट आहे. मला पुस्तक लिहायचं आहे."

सौंसरच्या त्या खासगी शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवत होते. कापूस वेचणाऱ्या बायकांची, त्यांच्याच बोलीतली एक कादंबरी डोक्यात घोळत होती. सुट्टीत लिहून पाहिलं, जमलं नाही. आई त्यांच्यातलीच, आणि तिच्या बरोबरीच्या एकेक जणी जात चालल्या होत्या. आता नाही तर कधीच नाही, एवढं मला कळत होतं.

शाळेचा फायदाही मी अर्जात लिहिला होता, आणि तो खोटा नव्हता. आमची पोरं पुस्तकी मराठी वाचताना अडखळत, लाजत, आणि मायबोलीतच नापास होत. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून पुस्तकाकडे नेणारे धडे मी करून देणार होते. तीन वर्षं दुसरीकडे जाणार नाही, हेही लिहून दिलं. माझ्या वाचलेल्या पगारात तात्पुरता शिक्षक ठेवता आला असता.

कमिटीच्या सचिवांची मोहगावच्या वाटेला संत्र्याची बाग होती. अर्ज वाचून ते म्हणाले, "वर्षभर घरी बसान, अन् पुस्तक लिहान? हे काय कारण होय, बाई?"

मला राग आला. "भाऊसाहेब, फुलं भरून यावीत म्हणून बहाराआधी तुम्ही झाडाचं पाणी तोडता, ताण देता. तेव्हा झाड रिकामं बसलं म्हणता का?"

"ताण जास्त झाला तं झाड वायते."

"वाळू नये म्हणून तर मुदत लिहिली. एकच वर्ष."

त्यांनी अर्जातली मुदत पुन्हा वाचली. मग म्हणाले, "पाणी तोडाच लागन मंग. पगार नाही, वाढ नाही. जागा तुमचीच राहीन."

नोकरी लागल्यावर मी आईचं वेचणं बंद केलं होतं. त्या वर्षी वेचणी सुरू झाली तशी तिनं पुन्हा कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली. "तू लिहून राहिली, तं घर कोनं चालवाव?" मी खूप भांडले, तिनं ऐकलं नाही. मग मीही तिच्यामागं शेतात जायला लागले. ती कापसाच्या तासातून, ओळीत वेचता वेचता बोलायची, मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून लिहायचे.

उन्हाळ्यात आई गेली. शाळा उघडली तशी मी रुजू झाले आणि धुऱ्यावर लिहिलेल्या वह्यांतून कबूल केलेले धडे करून वर्गात नेले. सचिव दारात येऊन उभे राहिले होते. कधीच तोंड न उघडणाऱ्या, मागच्या बाकावरच्या मुलीला मी वाचायला सांगितलं. ती न अडखळता वाचू लागली, "ये व माय, ऊन लय झालं, आधी पानी पे."

धुऱ्यावर बसलेल्या मला आई रोज असंच म्हणायची. वर्गात कोणी हसलं नाही. मी फळ्याकडे तोंड केलं आणि त्या मुलीला म्हटलं, "वाच, थांबू नको."