अठ्ठ्याहत्तर मीटर भिंत

ऑफिसात सगळे त्यांना वजाबाकी म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. ठेकेदाराकडे बिलं करणारा माणूस म्हणजे वाढवणारा, असा जगाचा समज. हे गृहस्थ मात्र भिंत मोजली की आधी तिच्यातल्या खिडक्या वजा करत, मग दारं, आणि मगच आकडा सांगत. सव्वीस वर्षांत कुठल्याही पार्टीला त्यांच्या मापात एक फूटही जास्त सापडला नव्हता. मालकांना या गोष्टीचा अभिमान वाटावा, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने मालकांना पाहिलेलं नाही. मालकांच्या मते हा माणूस कंपनीचा पगार घेऊन पार्टीची चाकरी करत होता.

या वेळची पार्टी म्हणजे एक शाळा. शाळेचे अध्यक्ष मोठे विचारवंत. त्यांना विचार सुचायचा तो नेहमी काम अर्धं झाल्यावर, आणि सुचला की तो फुकट असतो अशी त्यांची श्रद्धा. मैदानाच्या कडेला माती अडवायला दगडी भिंत बांधायची होती, ऐंशी मीटर लांब आणि दीड मीटर उंच. भिंतीच्या वर एक मीटर मातीचा उतार ठेवून त्यावर दगड बसवायचे, असं ठरलेलं होतं. पाया भरून झाला आणि एका सकाळी अध्यक्ष पांढऱ्या बुटांत साइटवर आले. उताराकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. उतार हवाच कशाला, म्हणाले, भिंतच जरा वर घ्या की, मैदान मोठं दिसेल. त्यांच्या मागे त्यांचा कन्सल्टंट उभा होता. तो मान हलवण्याचेच पैसे घेत असावा, इतक्या मनापासून ती हलवत होता.

हे 'जरा' म्हणजे भिंत दीडची अडीच मीटर. अडीच मीटर मातीचा रेटा धरायचा तर तळाची जाडी नव्वद सेंटिमीटरवरून एक मीटर पस्तीसवर न्यावी लागते आणि पायाही रुंद करावा लागतो. वजाबाकींनी हे तिथल्या तिथे सांगितलं. अध्यक्षांनी ते ऐकलं नाही, कारण बुटाला चिखल लागला होता.

मग वजाबाकींनी तेच केलं जे ते नेहमी करत आणि ज्याला ऑफिसात सगळे हसत. संध्याकाळ व्हायच्या आत साइटच्या सूचनावहीत चार ओळी लिहिल्या: कोणी, केव्हा, काय बदलायला सांगितलं, आणि यामुळे दगडकाम वाढेल, उतारावरचे दगड रद्द होतील. खाली कन्सल्टंटची सही घेतली. त्याने ती न वाचता केली. आठवड्याने त्याच्याकडूनच नवं ड्रॉइंगही आलं. त्यात खाली उतरायला जिना काढला होता आणि जिन्यासाठी भिंतीत दोन मीटरची मोकळी जागा. वजाबाकींनी अंदाजे वाढीव खर्चाचं पत्र दिलं. शाळेने त्याला उत्तर दिलं नाही. विचारवंत लोक पत्रांना उत्तरं देत नाहीत.

भिंत उभी राहिली. कन्सल्टंटला बरोबर घेऊन वजाबाकींनी ती टेपने मोजली आणि दोघांनी मापाच्या पानावर सह्या केल्या. वर पंचेचाळीस सेंटिमीटर, खाली एक मीटर पस्तीस, म्हणजे सरासरी नव्वद. उंची अडीच. लांबी ऐंशीतून जिन्याचे दोन गेले, अठ्ठ्याहत्तर. एकशे साडेपंचाहत्तर घनमीटर दगडकाम. मूळ ड्रॉइंगप्रमाणे ते एक्क्याऐंशी होतं. वाढ साडेचौऱ्याण्णव घनमीटर.

करारात दर ठरलेले होते, आणि एक कलमही होतं. एखादं काम मूळ मापाच्या पाव पटीपर्यंत वाढलं तर ठरलेलाच दर. त्यापुढच्या वाढीला दोन्ही बाजूंनी नवा दर ठरवायचा. म्हणून वजाबाकींनी वाढीचे दोन भाग केले. सव्वावीस घनमीटर जुन्या दराने, उरलेले सव्वाचौऱ्याहत्तर नव्या दराने. नवा दरही हवेतून काढला नाही. जुन्या दराची फोड समोर ठेवली, त्यात खाणीच्या ताज्या बिलांवरून दगडाचा भाव बदलला, गवंड्याची मजुरी बदलली, उंचीमुळे लागलेल्या परांचीचा खर्च घातला आणि नफ्याची टक्केवारी होती तीच ठेवली. शेवटी उतारावरचे रद्द झालेले दगड, एकशे चव्वेचाळीस चौरस मीटर, ठरलेल्या दराने वजा केले. काम झालंच नाही तर त्याचे पैसे परत जाणार, यात विचार करण्यासारखं काय आहे, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं.

मालकांना मात्र त्यात विचार करण्यासारखं पुष्कळ दिसलं. त्यांनी वजाबाकींना केबिनमध्ये बोलावून विचारलं की पार्टीने उतार वजा करायला सांगितलाय का. नाही. जिना वजा करायला सांगितलाय का. नाही. मग आपण का धर्मशाळा उघडली आहे, असं मालकांनी विचारलं. वजाबाकींनी सांगितलं की माझी सही ज्या पानावर आहे त्यावरचा आकडा खोटा असला तर उद्या माझ्या खऱ्या आकड्याला कोणी विचारणार नाही. मालक हसले आणि बरं म्हणाले. मालक बरं म्हणाले की सावध राहायचं असतं, हे सव्वीस वर्षांत त्यांनी शिकायला हवं होतं.

मीटिंग शाळेच्या बैठकीच्या खोलीत होती. भिंतीवर ढाली, मधोमध लांब टेबल आणि टेबलावर काचेत दाबलेला शाळेचा नकाशा. अध्यक्षांनी सुरुवातीलाच हात झटकले. आपण कुठलाही बदल सांगितला नव्हता, आपण फक्त एक विचार मांडला होता, असं ते म्हणाले. वजाबाकींनी सूचनावही उघडून पुढे सरकवली. अध्यक्षांनी कन्सल्टंटकडे पाहिलं आणि कन्सल्टंटने स्वतःच्या सहीकडे, जणू ती दुसऱ्या कोणाची असावी. मग अध्यक्ष म्हणाले, वाढ झाली तर झाली, पण सगळी जुन्या दराने घ्या. वजाबाकींनी करारातलं कलम वाचून दाखवलं. मग नव्या दरावर हुज्जत झाली. परांची कशाला लागते, असं अध्यक्षांनी विचारलं. अडीच मीटर उंचीवर दगड ठेवायला गवंडी कशावर उभा राहतो, असं वजाबाकींनी विचारल्यावर तो विषय संपला.

"एकूण वाचा," अध्यक्ष कंटाळून म्हणाले.

कन्सल्टंटने शेवटचं पान उचललं. लांबी ऐंशी मीटर, त्याने वाचलं. वाढ नव्याण्णव घनमीटर. मग एकूण रक्कम. उताराच्या वजावटीची ओळच नव्हती.

वजाबाकींनी मान पुढे करून पान पाहिलं. पान नवं टाइप केलेलं होतं. खाली त्यांचीच सही होती, कारण सह्यांचं पान वेगळं होतं आणि ते तसंच जोडलं होतं. शेजारी मालक नकाशा पाहत होते. शाळेच्या नकाशाबद्दल त्यांना इतकं प्रेम पूर्वी कधी वाटलं नव्हतं. आणि तो कन्सल्टंट, ज्याने स्वतः जिना काढला, स्वतः टेप धरली, स्वतः अठ्ठ्याहत्तरवर सही केली, तो ऐंशी वाचून शांत बसला होता. त्याला काही आठवत नव्हतं. वजाबाकीही गप्प बसले असते तर पाचच मिनिटांत मंजुरी झाली असती. आणि वर्षभराने हिशेबतपासनिसाने ते पान काढलं असतं, तर त्याखाली मालकांचं नव्हे, वजाबाकींचं नाव निघालं असतं.

"थांबा," ते म्हणाले. "हे पान चुकलंय. लांबी अठ्ठ्याहत्तर आहे. मापाचं पान बघा, तुमचीच सही आहे. आणि उतारावरचे दगड बसवलेलेच नाहीत, ते वजा करायचेत."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, लांबी, वाढ आणि एकूण रक्कम खोडून खरे आकडे लिहिले, वजावटीची ओळ हाताने लिहिली, प्रत्येक खाडाखोडीपाशी लहान सही केली आणि पान परत ठेवलं. अध्यक्षांना आयुष्यात पहिल्यांदाच ठेकेदाराच्या माणसाने पैसे कमी केलेले दिसत होते. त्या धक्क्यात त्यांनी नवा दर, परांची, सगळंच मान्य केलं.

बाहेर आल्यावर मालक गाडीत बसले आणि वजाबाकींना रस्त्यावर सोडून निघून गेले. घरी बायकोने ऐकून घेतलं. नोकरी गेली का, एवढंच तिने विचारलं. उद्या कळेल, ते म्हणाले. त्यांना रात्रभर झोप लागली नाही. मुलीचं शेवटचं वर्ष होतं आणि या वयात नवी नोकरी मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नोकरी गेली नाही, कारण चौथ्या दिवशी शाळेचं मंजुरीपत्र आलं. त्यात पूर्ण रक्कम मंजूर होती आणि खाली एक अट होती: यापुढचं प्रत्येक माप या गृहस्थांची सही असेल तरच स्वीकारलं जाईल. मालकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ऑफिसात पेढे नाही वाटले, पण तो खोडायचा सल्ला आपलाच होता, असं मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वजाबाकींना त्यांनी चक्क बसायला खुर्ची दिली.

महिनाभराने भिंतीलगतच्या गटाराचं जादा काम आलं. मूळ बावन्न मीटर, प्रत्यक्षात साठ. वाढ पाव पटीच्या आतली, म्हणजे ठरलेलाच दर. मालकांनी पान तयार करून आणलं होतं. त्यात लांबी सहासष्ट होती आणि दर नवा.

"हे सहा मीटर तुम्ही मीटिंगमध्ये खोडायचे," मालक प्रेमाने म्हणाले. "परवासारखेच, पेन काढून. पार्टी खूष झाली की दर बघत नाही. तुमच्या सहीला आता किंमत आली आहे, ती वापरायला नको?"

वजाबाकींनी पान वाचलं. जिच्यासाठी ते सव्वीस वर्षं खिडक्या वजा करत होते, ती सही आता या माणसाला हवी होती, आणि हवी होती ती खोट्याला खरं दाखवायला. त्यांना राग आला नाही, किळस आली.

"साहेब, गटार साठ मीटर आहे आणि दर ठरलेला आहे," ते म्हणाले. "तसं पान आणा, सही करतो. या पानावर माझी सही होणार नाही. आणि माझ्या सहीशिवाय ते तिकडे कोणी घेणार नाही."

कामावरून काढून टाकायची धमकी मालकांच्या ओठांवर आली असावी, पण समोर फायलीत शाळेचं पत्र होतं. शेवटी त्यांनी टायपिस्टला हाक मारली आणि साठ लिहायला सांगितलं.