लोहाच्या गोळ्या कोणी खाल्ल्या

तेव्हा मी नवापूरच्या दवाखान्यात नर्स होते. एका पांढऱ्याफटक गरोदर सुनेला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सासूला बजावलं, "पोटातलं बाळ आईचं लोह ओढून घेतं. हिला शेवटी जेवायला बसवू नका. तोवर डाळ, पालेभाजी संपलेली असते."

महिन्याने सून तशीच पांढरी. सासूच्या तोंडावर मात्र तेज, पण ती घाबरून कुजबुजली, "बाई, माले परसाकडे कोयशासारखं कायं व्हस. मी मरसू का?"

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतंच. माझं डोकं फिरलं. "गोळ्या तुम्ही खाल्ल्या?"

ती फणकारली, "मी नऊ डाव बाळतीन व्हयनू, माले कोणी एक गोयी दिन्ही नही!"

मी गोळ्यांच्या दोन पुड्या बांधल्या, एक सुनेला आणि एक तिला.