माणशी बारा हजार

सांगलीत परदेशी सहली विकायच्या तर पहिली दहा मिनिटं युरोवर बोलावं लागतं आणि उरलेले दोन तास जेवणावर. माझ्या कार्यालयात वीस वर्षं हेच चाललंय. युरोपात भाकरी मिळेल का, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता मी न विचारताच सांगतो.

त्या वर्षी युरोपला पाच जोडपी होती. विमानाचं तिकीट रुपयात, बाकी हॉटेल, बस आणि तिथला सगळा खर्च माणशी दोन हजार युरो. अट छापलेली होती : ज्या दिवशी पूर्ण पैसे भराल, त्या दिवशीचा दर धरला जाईल. अट मीच लिहिलेली, त्यामुळे मला ती पाठ होती.

मार्च-एप्रिलमध्ये रुपया घसरला. युरोमागे सहा रुपये वाढले. तिथली हॉटेलं-बस बघणाऱ्या कंपनीला पैसे पाठवायची मुदत तोंडावर आली होती. मी खुर्ची ओढून पत्र लिहिलं. ‘सप्रेम नमस्कार. जागतिक घडामोडींमुळे रुपयाचे अवमूल्यन झाले असून सहलीच्या दरात नाइलाजाने माणशी बारा हजार रुपये वाढ करावी लागत आहे. आपण समजून घ्याल ही खात्री आहे.’ जगातल्या घडामोडींवर माझा काही इलाज नव्हता, हे वाचून मलाच माझी दया आली. पाचही जोडप्यांना तेच पत्र पाठवलं.

चौघांनी फोनवर कुरकुर केली. त्यांची उरलेली रक्कम अजून यायची होती, त्यामुळे अटीप्रमाणे वाढ त्यांनाच लागू होती. पाचव्या जोडप्यातले काका फोन न करता सरळ आले. मिरजेकडच्या एका गावातले हळदवाले शेतकरी. बरोबर काकू होत्या. काकूंनी उभ्या आयुष्यात बर्फ फक्त रसवंतीगृहात पाहिला होता, असं त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं. पासपोर्टच्या फोटोसाठी त्या नवी साडी नेसून आल्या होत्या.

काकांनी पत्र टेबलावर ठेवलं. “सायेब, आमी पैशे कवा भरलं?”

“मार्चच्या पहिल्या आठवड्यात.”

“सगळं?”

“सगळे.”

“मग त्या दिवशीचं युरो कुठं हायत?”

उत्तर साधं होतं. नव्हतेच. त्याच दिवशी बँकेतून पैसे पुढे पाठवले असते, तर विषय मिटला होता. पण युरो दोनेक रुपयांनी उतरेल असा माझा अंदाज होता, म्हणून मी थांबलो. उतरला असता तर फरक माझ्या खिशात गेला असता आणि त्याबद्दल मी कुणाला पत्र लिहिलं नसतं.

“बाजाराचं काही सांगता येत नाही, काका,” मी म्हणालो.

“व्हय. आमी वखारीत हळद ठेवतो आन् भाव पडला, तर नुकसान आमचं. गिऱ्हाइकाला चिठ्ठी न्हाई धाडत.”

काकू पत्राकडे बघत म्हणाल्या, “आवं, ऱ्हाऊ द्या. माजं रद्द करा सायेब. ह्ये एकटं जातील.”

“मी एकटा जाऊन काय करू? कुणाला दाखवू?” काका म्हणाले.

मी पाण्याचे ग्लास पुढे सरकवले. कोणी प्यालं नाही. मग काका अगदी शांतपणे बोलले. “तुमीच म्हनला हुता, लौकर भरा, दर पक्का हुईल. म्हनून हळद तवाच इकली. पंधरा दिवसांनी भाव लय चढला. घरात समद्यांनी मला येड्यात काढलं. मी सांगितलं, सायेब शब्दाचा मानूस हाय, आपलं युरो घिऊन ठेवल्यात.”

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. त्यांनी माझ्या भरवशावर माल विकला होता आणि मी त्यांच्या पैशावर बसून भाव बघत राहिलो होतो. चोवीस हजारांसाठी मी जागतिक घडामोडी मधे घातल्या होत्या.

ते बसले असतानाच मी दुसरं पत्र लिहिलं. ‘ज्यांनी मार्चमध्ये पूर्ण रक्कम भरली, त्यांना वाढ लागू नाही. त्यांचे युरो वेळेत घेतले नाहीत, ही चूक माझी. तो फरक मी भरेन.’ काकांनी ते ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, “ह्ये बाकीच्यांनाबी धाडा.”

“त्यांचा यात काय संबंध?”

“त्यानला कळू दे, लौकर भरून काय हुतं ते.”

मी तेच पत्र उरलेल्या चौघांनाही पाठवलं. अंगावर पाल पडल्यासारखं झालं, पण पाठवलं. काकूंनी पर्समधून घडी घातलेली यादी काढली आणि विचारलं की बर्फात चालायला कसले बूट घ्यायचे. मी सांगितलं. त्यांनी यादीत लिहून घेतलं.

जाताना काका दारात थांबले. “सायेब, बरफ बघून यिऊ आमी. पर येत्या साली हळद कवा इकायची, त्ये तुमाला न्हाई इचारणार.”

मी हसलो. ते हसले नाहीत.