लोकांचे कपडे कडक, आपले ओले

माझी धाकटी जाऊ कपड्यांना इस्त्री करते. अख्ख्या गल्लीचे कपडे तिच्या हातून कडक होऊन जातात. तिचे स्वतःचे मात्र आतल्या अंधाऱ्या खोलीत अर्धवट वाळून तसेच अंगावर चढतात. घरच्या कपड्यांवर कोळसा कशाला जाळायचा, हा तिचा हिशेब. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि घरच्यांनी उपाशी राहायचं, त्यातली गत.

इस्त्रीच्या धगीत घाम येऊन तिच्या कमरेवर गजकर्ण उठलं. औषधवाल्याने न बघताच एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज थांबली, चट्टा फिका पडला. तिने ट्यूब बंद केली. आठवड्यात चट्टा दुप्पट मोठा होऊन परतला. पुन्हा तीच ट्यूब. घरात ती मिठासारखी फिरायला लागली. नवऱ्याला तीच, लेकीलाही तीच. मधे तिने डॉक्टरांकडून गोळ्याही आणल्या, त्याही खाज थांबेपर्यंतच घेतल्या.

एके दिवशी तिच्या लेकीने मला मांड्या दाखवल्या. कातडी पातळ झालेली, त्यावर लालसर रेघा. पोरगी रडत म्हणाली, "मोठी आई, आता मी नाचाच्या वर्गाला जाणार नाही."

मी तिघांनाही ओढत त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ट्यूब हातात घेऊन विचारलं, "ही कोणी दिली? यात स्टिरॉइड आहे. ते खाज दाबतं, बुरशीला मात्र मोकळं रान देतं. या रेघा फिक्या होतील, पण पूर्ण जाणार नाहीत."

"आणि आधीच्या गोळ्या?" मी रिकामं पाकीट दाखवून विचारलं.

"टर्बिनाफाइनच्या, बुरशीवरच्याच. पण हल्ली पुष्कळांना त्या लागू पडत नाहीत. आता दुसऱ्या गोळ्या देते, भरल्या पोटी घ्यायच्या. ट्यूब बंद केल्यावर सुरुवातीला खाज वाढेल, घाबरू नका. महिना-दीड महिना तरी लागेल. चट्टे गेले तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. टॉवेल वेगळे, आणि कपडे उन्हात वाळवायचे."

तिसऱ्या आठवड्यात जाऊ म्हणाली, "ताई, आता खाज नाही. गोळ्या ठेवून देऊ का, पुढे कामी येतील?"

"लोणचं आहे का ते, बरणीत भरून ठेवायला?" मी म्हटलं. "आग विझली म्हणून निखारे पदरात बांधशील?"

तिने गोळी घेतली. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत ती घेत राहिली. आता आधी घरचे कपडे उन्हात पडतात, मग गल्लीच्या कपड्यांना हात लागतो. देवाच्या कृपेने तिघांचंही अंग साफ झालं. पोरीच्या रेघा तेवढ्या राहिल्या.

औषधवाल्याचे शर्टही आमच्याकडेच येतात. परवा तो न्यायला आला. जाऊने घडी त्याच्या हातात ठेवली, वर ती चुरगळलेली ट्यूब.

"दादा, ही तुमच्या लेकीच्या मांडीला लावाल का?"

तो शर्टांकडे बघत राहिला. जाऊ उत्तराची वाट बघत उभीच राहिली.