आठची गोळी

माझा धाकटा भाऊ बार्शीटाकळीला शिक्षक होता. त्याची किडनी बदलली तेव्हा ती त्याच्या बायकोनं दिली. मी काय दिलं? शिस्त. मी अकोल्यात निवृत्त मुख्याध्यापिका. आमचं लहानपण साठ सालच्या आसपासचं, अमरावतीतलं. वडील मास्तर होते आणि घड्याळाला किल्ली द्यायचं काम माझं. तेव्हापासून घड्याळावर माझा फार जीव. ऑपरेशननंतर भाऊ आणि भावजय माझ्याकडे राहायला आले, आणि त्याच्या गोळ्यांचा ताबा मी आपणहून घेतला.

टॅक्रोलिमसची गोळी सकाळी आठ, रात्री आठ. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून ती जन्मभर घ्यायची. रक्तात ती कमी पडली तर किडनी जाते, जास्त झाली तर त्या औषधानंच किडनीला इजा होते. म्हणून अधूनमधून रक्तातली तिची पातळी बघायची, आणि किडनी कशी चाललीय ते कळायला क्रिएटिनिन; ते वाढलं की किडनीचं काम बिघडलं समजायचं.

दुसऱ्या वर्षी क्रिएटिनिन एक पूर्णांक दोनवरून एक पूर्णांक नऊवर गेलं. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "बाई, सगळ्या चिठ्ठ्या तारखेनं एका वहीत लिहून आणा. सुट्या कागदांवरून मला काही दिसत नाही."

चिठ्ठ्या कुठे कुठे होत्या! काही औषधाच्या पिशवीत, काही भावाच्या शर्टाच्या खिशात धुवून निघालेल्या, दोन माझ्या पोथीत खूण म्हणून. मी त्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि रकाने आखले. तारीख, पातळी, क्रिएटिनिन, गोळीचा डोस, गाव. लिहिता लिहिता मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. गुणपत्रिका तयार करायची हाताची सवय अजून गेली नव्हती.

मग गावाच्या रकान्यावर नजर अडकली. अकोल्याला दिलेल्या रक्ताची पातळी सहा, साडेपाच. अमरावतीची चौदा, तेरा, बारा. एकाच माणसाची, त्याच महिन्यांतली. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रक्त घेतल्याची वेळ असते, ती मी कधी वाचली नव्हती. अकोल्याची पावणेआठ. अमरावतीची साधारण दहा.

अमरावतीला आम्ही सातच्या बसनं जायचो. मूर्तिजापूरच्या आसपास आठ वाजायचे आणि मी डबी उघडायचे. पहिल्याच खेपेला भाऊ म्हणाला होता, "ताई, दवाखान्यातल्या त्या सिस्टरनं सांगतलं हाय, रक्त देल्यावर गोळी घ्या म्हनून."

"सिस्टरला काय कळतं? आठ म्हणजे आठ," मी म्हणाले. तो माझा धाकटा भाऊ. त्यानं गोळी घेतली.

पातळी बघायची ती गोळी घेण्याआधी, रात्रीच्या गोळीला बारा तास होत आल्यावर. आमची बघितली जायची गोळी घेतल्यावर दोन तासांनी, रक्तात ती सगळ्यात जास्त असते तेव्हा. तेरा-चौदा बघून डॉक्टरांनी दोनदा डोस कमी केला, आणि त्यांच्यासमोरच्या आकड्यांवरून ते बरोबरच होतं. अकोल्याच्या चिठ्ठ्या त्यांना मी दाखवल्याच नव्हत्या. गावातली तपासणी, तिला कोण विचारतो असं मला वाटायचं. डोस कमी केल्यानंतरची अकोल्याची शेवटची चिठ्ठी होती तीन पूर्णांक एक, म्हणजे फारच कमी.

ती वही फाडून टाकावी असं मला वाटलं. वेळेचा रकाना न आखताही चाललं असतं, कुणाला कळलं नसतं. मी तो आखला आणि शेजारी आणखी एक, 'रक्ताआधी गोळी'. तीन ओळींत 'घेतली' लिहिलं. माझं अक्षर सुंदर आहे, त्याची त्या दिवशी लाज वाटली.

भावजय चहा घेऊन आली. तिनं वही वाचली. "ताई, हा रकाना कायचा हाय?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. तिचा हात नकळत कमरेपाशी गेला, टाक्यांच्या जागी. "यायनं सांगतलं होतं ना तुमाले?"

"हो."

ती आत गेली. चहा तसाच राहिला.

डॉक्टरांनी वही दोन मिनिटांत वाचली. मला ते रागावले नाहीत, त्यांनी रागवावं अशी माझी फार इच्छा होती. तपासणीसाठी किडनीचा बारीक तुकडा काढला. शरीर किडनी नाकारायला लागलं होतं. तीन दिवस इंजेक्शनं, डोस पुन्हा वर. क्रिएटिनिन एक पूर्णांक सातवर येऊन थांबलं. एक पूर्णांक दोन पुन्हा कधी आलं नाही. भाऊ म्हणतो, "जाऊ दे ना ताई, वाचलो ना मी." माझं मन काही जाऊ देत नाही.

आता रक्त अकोल्यातच देतो, आठच्या आत. वही माझ्याकडे आहे, डबी भावजयीच्या पर्समध्ये. ती मागितली नाही तिनं, नुसती उचलली. सुई निघाली की ती त्याच्या हातावर गोळी ठेवते, भिंतीवरचं घड्याळ बघते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "ताई, लिहा. आठले पाच कमी."

मी लिहिते.